लघवीतल्या प्रथिनांचा हिशेब

कुत्र्याची किडनी बिघडली असं म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येतं ते उलट्या करणारं, खाणं सोडलेलं, तोंडाला वास येणारं जनावर, आणि रक्ताच्या रिपोर्टमध्ये वाढलेलं क्रिएटिनिन. किडनीचा एक आजार मात्र याच्या उलट्या दिशेने चालत येतो. त्यात क्रिएटिनिन कितीतरी महिने नॉर्मल असतं, कुत्रा जेवतो, फिरतो, शेपटी हलवतो, आणि त्याच वेळी रक्तातली प्रथिनं लघवीवाटे रोज निघून जात असतात. पशुवैद्यकात याला प्रथिन गळणारा किडनीचा आजार म्हणतात. रक्ताच्या तपासणीत तो उशिरा दिसतो, लघवीच्या तपासणीत लवकर. आपल्याकडे कुत्र्याची लघवी तपासायची सवय अजून फारशी रुजलेली नाही, म्हणून तो बऱ्याचदा हातातून निसटतो.

किडनीत रक्त गाळणारे लाखो सूक्ष्म केशवाहिन्यांचे गुच्छ असतात. या गुच्छांच्या भिंतीतून पाणी, क्षार, युरिया, क्रिएटिनिन सहज पार होतात, पण अल्ब्युमिनसारखं मोठं प्रथिन रक्तातच अडवलं जातं. चहाच्या गाळणीची जाळी फाटली तर पावडर कपात उतरते, तसंच इथे होतं. भिंत खराब झाली की अल्ब्युमिन लघवीत उतरतं. पुढचा त्रास असा की गळलेली प्रथिनं किडनीतल्या बारीक नलिकांमधून जाताना तिथल्या पेशींनाही इजा करतात. म्हणजे गळती हे बिघाडाचं लक्षण असतं आणि बिघाड वाढवणारं कारणही. ती कमी करणं हाच उपचाराचा मोठा भाग असतो, आणि ती कमी झाली की नाही हे कळायला मोजमाप विश्वासाचं लागतं.

हे मोजमाप आणि त्यावरून घेतलेले निर्णय नीट दिसावेत म्हणून एका कुत्र्याची केस सविस्तर पाहू. अशा आजारात सर्वसाधारणपणे जे घडतं त्यावर ती बेतली आहे. मोती हा ७ वर्षांचा, नसबंदी झालेला गावठी कुत्रा, वजन २० किलो. वर्षापूर्वी त्याला गोचीड ताप येऊन गेला होता. तेव्हा इंजेक्शनं घेतली, चार दिवसांत तो खायला लागला आणि उरलेल्या गोळ्या तशाच राहिल्या. आता सांभाळणाऱ्या काकूंना वाटत होतं की तो बारीक झालाय, पाठीचा कणा हाताला लागतोय, पूर्वीसारखा पळत नाही. एवढीच तक्रार. रक्तात क्रिएटिनिन १.२, म्हणजे नॉर्मल. प्लेटलेट १ लाख १० हजार, म्हणजे कमी. अल्ब्युमिन २.३, तेही कमी. डॉक्टरांनी लघवी मागवली. पट्टी बुडवल्यावर प्रथिनांचा चौकोन गडद हिरवा झाला, तीन प्लस.

पट्टीवर थांबून चालत नाही. ती फक्त दाटपणा सांगते. कुत्रा खूप पाणी प्यायला असेल तर लघवी पातळ होते आणि गळती मोठी असूनही पट्टीचा रंग फिका येतो. उलट सकाळच्या घट्ट लघवीत एक प्लस आलं तर त्यात काहीच विशेष नसू शकतं. खरा प्रश्न दिवसभरात किती प्रथिन गेलं हा आहे, आणि कुत्र्याची २४ तासांची लघवी साठवणं घरात जमण्यासारखं नाही. यावर उपाय म्हणून एकाच नमुन्यात प्रथिन आणि क्रिएटिनिन दोन्ही मोजतात आणि पहिल्याला दुसऱ्याने भागतात. क्रिएटिनिन स्नायूंमधून जवळपास ठरावीक वेगाने तयार होतं आणि लघवीवाटे बाहेर पडतं. लघवी पातळ झाली तर दोन्ही सारखीच पातळ होतात, त्यामुळे भागाकार बदलत नाही. हाच यूपीसी. मोतीच्या लघवीत प्रथिन ४०८ आणि क्रिएटिनिन ८५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर होतं. भागाकार ४.८.

कुत्र्यांच्या किडनी आजारांचं वर्गीकरण ठरवणाऱ्या आयरिस या आंतरराष्ट्रीय गटाच्या निकषांनुसार ०.२ च्या आत असेल तर गळती नाही, ०.२ ते ०.५ ही सीमारेषा आणि ०.५ च्या वर गळती आहे असं मानतात. आकडा २ च्या पुढे गेला की दोष बहुधा गाळणाऱ्या गुच्छातच असतो. मोतीचा आकडा त्याच्याही दुप्पट होता.

आपल्याकडे कुत्र्यांचे नमुने अनेकदा माणसांच्या लॅबमध्ये जातात, म्हणून दोन गोष्टी इथेच सांगायला हव्यात. काही लॅब हाच निकाल प्रति ग्रॅम क्रिएटिनिनमागे किती मिलिग्रॅम प्रथिन, अशा रूपात देतात. तिथे ४.८ च्या जागी ४८०० दिसतं आणि घरचे हादरतात. हजाराने भागलं की तोच आकडा मिळतो. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. मधुमेही माणसांसाठी केली जाणारी मायक्रोअल्ब्युमिनची तपासणी मानवी अल्ब्युमिन ओळखण्यासाठी बनवलेली असते. कुत्र्याचं अल्ब्युमिन ती नीट पकडेल याची खात्री नसते. चिठ्ठीवर एकूण प्रथिन आणि क्रिएटिनिन असं स्पष्ट लिहून घ्यावं, आणि पुढची प्रत्येक तपासणी त्याच लॅबमध्ये करावी.

आकडा मोठा आला म्हणून लगेच उपचार सुरू झाले नाहीत. प्रथिन किडनीच्या खालूनही येऊ शकतं. मूत्राशयात जंतुसंसर्ग असेल, खडा असेल, प्रोस्टेटला सूज असेल किंवा डोळ्यांना दिसण्याइतकं रक्त लघवीत असेल, तर यूपीसी वाढतो आणि किडनीचा त्यात काही दोष नसतो. म्हणून आधी लघवी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली गेली. पू-पेशी नव्हत्या. कल्चरमध्ये जंतू वाढले नाहीत. सोनोग्राफीत मूत्राशय स्वच्छ होतं. मग दोन आठवड्यांनी पुन्हा यूपीसी, कारण ताप, दगदग अशा कारणांनी काही दिवसांपुरतीही गळती होते. ती टिकून आहे हे दिसल्याशिवाय तिला आजार म्हणत नाहीत.

या दुसऱ्या वेळी काकूंना नमुना कसा घ्यायचा ते शिकवलं गेलं. लांब दांड्याचा स्वच्छ डाव, गरम पाण्याने धुऊन पूर्ण कोरडा केलेला. साबणाचा किंवा फिनाइलचा अंश राहिला तर पट्टीचा निकाल बिघडू शकतो. सकाळी फिरायला नेल्यावर पहिली धार जमिनीवर जाऊ द्यायची आणि मधली धार डावात घ्यायची, मग ती झाकणाच्या डबीत ओतून फ्रीजमध्ये ठेवायची. असं लागोपाठ तीन दिवस. तिन्ही डब्यांतून सारख्याच मापाने लघवी घेऊन लॅबमध्ये एकत्र करतात आणि एकच तपासणी करतात. तीन दिवसांची सरासरी एका तपासणीच्या पैशात मिळते. शिवाय नमुना घरचा असतो. दवाखान्यात घेतलेल्या नमुन्यात यूपीसी थोडा जास्त येण्याची शक्यता असते, आणि घाबरट कुत्र्याला त्यासाठी तिथवर नेण्याची गरजही उरत नाही. हा एकत्रित आकडा ५.४ आला. आधीचा ४.८ होता. दोन्ही मिळून ५.१ ही मोतीची सुरुवात धरली.

इथून या लेखाचा खरा विषय सुरू होतो. ४.८ वरून ५.४ म्हणजे आजार वाढला का? नाही. औषध, आहार, आजार, काहीही बदललेलं नसताना त्याच कुत्र्याचा यूपीसी दिवसागणिक वरखाली होत असतो. टिकाऊ गळती असलेल्या कुत्र्यांच्या नमुन्यांवर हे मोजलं गेलं आहे. त्यावरून जो नियम निघाला तो आकड्याच्या आकारानुसार बदलतो. यूपीसी ०.५ च्या आसपास असेल तर जवळपास ८० टक्के फरक पडल्याशिवाय तो खरा मानता येत नाही. यूपीसी १२ च्या घरात असेल तर साधारण ३५ टक्के फरक पुरतो. मधल्या आकड्यांना मधला निकष लागतो. मोतीसारख्या ५ च्या कुत्र्यात निम्म्याच्या जवळपास फरक दिसला तरच काही घडलंय असं खात्रीने म्हणता येतं. ०.४ चा ०.६ झाला म्हणून रात्रभर झोप न लागणारे लोक असतात आणि ५ चा ४ झाला म्हणून पेढे वाटणारेही असतात. दोघांच्याही हातात त्या क्षणी नुसती चढउतार असते.

गळती ठरली, आता कारण. महाराष्ट्रात अशा कुत्र्याला पहिला प्रश्न गोचिडीचा विचारायचा. गोचिडीतून येणारा एर्लिकिया हा जंतू पांढऱ्या पेशींत दडून महिनोन्‌महिने राहतो. शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवत राहतं, जंतूचे अंश आणि प्रतिपिंडं यांच्या गुठळ्या रक्तातून फिरत किडनीच्या गुच्छांत अडकतात आणि भिंत खराब होते. बबेशिया हा गोचिडीचाच दुसरा परजीवी, डासांतून येणारा हृदयकृमी, मादीत गर्भाशयात साचलेला पू, कर्करोग, कुशिंगसारखा हार्मोनचा आजार, ही यादी पुढेही जाते. काही जातींत दोष जन्मजात असतो. कॉकर स्पॅनियलमध्ये भिंतीचं कोलॅजनच सदोष असतं, शार-पेईमध्ये ॲमिलॉइड साचतं. मोतीच्या रक्तात एर्लिकियाचा पीसीआर पॉझिटिव्ह आला, बबेशिया आणि हृदयकृमी निगेटिव्ह. वर्षापूर्वी अर्धवट सुटलेला कोर्स आणि आजच्या कमी प्लेटलेट, दोन्हींचा धागा जुळला.

रक्तदाबही पाहिला गेला. शांत खोलीत दहा मिनिटं बसू देऊन, पुढच्या पायाला पट्टा बांधून, पहिलं वाचन सोडून पुढच्या पाच वाचनांची सरासरी. वरचा दाब १६५. कुत्र्यात १६० च्या पुढे सतत राहिला तर डोळे, मेंदू, हृदय आणि किडनी यांना धोका वाढत जातो.

उपचार ठरवताना मोतीच्या बाबतीत चार वेगवेगळ्या गोष्टींना हात घालायचा होता, पण सगळ्या एकाच दिवशी नाही. आधी कारण. डॉक्सिसायक्लिन, दिवसाला किलोमागे १० मिलिग्रॅम, पूर्ण २८ दिवस. गोळी खाण्याबरोबर आणि नंतर पाणी, कारण ती अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम करते.

दुसरं, गळतीवरचं औषध. किडनीच्या गुच्छात रक्त आणणारी एक वाहिनी असते आणि बाहेर नेणारी एक. बाहेर नेणारी आवळलेली असली की गुच्छात दाब वाढतो आणि खराब भिंतीतून प्रथिन जास्त रेटलं जातं. एनालाप्रिल, बेनाझेप्रिल आणि टेल्मिसार्टन ही औषधं हीच बाहेरची वाहिनी सैल करतात. वर्षानुवर्षं सुरुवात एनालाप्रिल किंवा बेनाझेप्रिलने होत असे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक अभ्यासात टेल्मिसार्टनने पहिल्या महिन्यात एनालाप्रिलपेक्षा गळती ठळकपणे जास्त कमी केली. म्हणून आता अनेक डॉक्टर थेट तिथूनच सुरुवात करतात, आणि माझ्या मते ते योग्य आहे. डोस दिवसाला किलोमागे १ मिलिग्रॅम. मोतीसाठी माणसांच्या औषधदुकानात मिळणारी २० मिलिग्रॅमची एक गोळी. मात्र त्या दुकानातून बीपीची दुसरी औषधं मिसळलेली गोळी येऊ नये म्हणून पाकिटावर फक्त टेल्मिसार्टन लिहिलंय ना हे पाहावं लागतं. एकाच नावाखाली जोडगोळ्या बऱ्याच असतात.

तिसरं, रक्ताच्या गुठळ्या. अल्ब्युमिनबरोबर जवळपास त्याच आकाराचं अँटिथ्रॉम्बिन हे प्रथिनही गळतं. रक्त नको तिथे गोठू न देणं हे त्याचं काम. रक्त गोठवणारं फायब्रिनोजेन मात्र मोठं असल्याने आतच राहतं. तोल गोठण्याच्या बाजूला झुकतो. अशा कुत्र्याला अचानक धाप लागली तर फुप्फुसात गुठळी गेल्याची शंका घ्यावी लागते, आणि मागचा पाय एकाएकी लुळा आणि थंड पडला तर पायाच्या धमनीत. यासाठी क्लोपिडोग्रेल देतात. मोतीला ते पहिल्या दिवशी दिलं नाही, कारण प्लेटलेट कमी असताना रक्त पातळ करणारं औषध म्हणजे रक्तस्रावाला आमंत्रण. दोन आठवड्यांत डॉक्सिसायक्लिनने प्लेटलेट १ लाख ९० हजारांवर आल्या, तेव्हा ७५ मिलिग्रॅमची अर्धी गोळी रोज सुरू झाली.

चौथं, खाणं. काकूंनी तोवर मोतीला रोज दोन अंडी आणि पाव किलो चिकन सुरू केलं होतं. प्रथिन जातंय तर प्रथिन भरायचं, हा विचार मायेचा आहे आणि जवळजवळ प्रत्येक घरात तो येतो. पण जास्तीचं प्रथिन रक्तातलं अल्ब्युमिन वाढवत नाही, गळती वाढवतं. किडनीच्या कुत्र्यांसाठीच्या आहारात प्रथिन बेताचं पण उत्तम प्रतीचं असतं, मीठ आणि फॉस्फरस कमी, आणि माशाच्या तेलातलं ओमेगा-३ भरपूर. याचा अर्थ नुसता दहीभात असाही नाही. तसं केलं तर स्नायू झिजतात. काकूंनी हळूहळू, दहा दिवस जुनं-नवं मिसळत, मोतीला किडनीच्या तयार आहारावर आणलं.

दोन आठवड्यांनी तपासलं ते यूपीसीसाठी नव्हे, औषध झेपतंय का यासाठी. क्रिएटिनिन १.२ चं १.४ झालं होतं. काकू घाबरल्या. "डॉक्टर, औषधानेच किडनी बिघडली का?" गुच्छातला दाब कमी केला की गाळणी थोडी मंदावते, म्हणून थोडी वाढ अपेक्षितच असते. मोतीसारख्या सुरुवातीच्या टप्प्यात ३० टक्क्यांपर्यंतची वाढ चालते. ही १७ टक्के होती. आजार पुढे गेलेला आणि क्रिएटिनिन आधीच बरंच वाढलेलं असेल तर मात्र १० टक्के वाढीलाच सावध व्हावं लागतं. पोटॅशियम ५.० होतं. ते ६ च्या पुढे गेलं तर हृदयाची लय बिघडू शकते. रक्तदाब १५०. औषध चालू ठेवलं.

सहाव्या आठवड्यात तीन दिवसांचा एकत्रित यूपीसी ३.९. काकूंच्या मुलाने कागदावर लगेच गणित केलं, २४ टक्के उतरलं. पण वरचा नियम लावला तर हा फरक नेहमीच्या चढउतारात बसतो. उपचार लागू पडतोय असं या आकड्यावरून म्हणता येत नव्हतं आणि पडत नाही असंही नाही. ध्येय आधीच ठरलेलं होतं. यूपीसी ०.५ च्या खाली, आणि ते जमणार नसेल तर निदान सुरुवातीच्या निम्म्याच्या आत, म्हणजे २.५ च्या आसपास. ३.९ त्यापासून दूर होता आणि क्रिएटिनिन, पोटॅशियम, रक्तदाब तिन्हींत जागा होती. म्हणून टेल्मिसार्टन किलोमागे १.५ मिलिग्रॅम केलं, रोज दीड गोळी. दोन आठवड्यांनी पुन्हा तीच सुरक्षिततेची तपासणी. क्रिएटिनिन १.५, पोटॅशियम ५.२, रक्तदाब १४५. बाराव्या आठवड्यात यूपीसी २.२ आला. ५.१ वरून ५७ टक्के घट. अल्ब्युमिन २.७, वजन पाऊण किलोने वाढलेलं. हा फरक खरा होता, आणि तो एकट्या आकड्यावर उभा नव्हता. अल्ब्युमिन आणि वजन दोघंही तीच साक्ष देत होते.

पाचव्या महिन्यात ३.४. म्हणजे ५५ टक्क्यांची उडी, चढउताराच्या पलीकडची. अशा वेळी हात आपोआप डोस वाढवायला जातो. त्याआधी काही प्रश्न विचारायचे असतात. नमुना घरचा की दवाखान्यातला? लघवीत जंतू आहेत का? रक्तदाब किती? मधल्या काळात दुसरं कोणतं औषध दिलं? मोतीच्या बाबतीत उत्तर शेवटच्या प्रश्नात होतं. पावसाळ्यात त्याचं अंग खाजायला लागलं होतं आणि काकू गावी असताना त्याला खाजेसाठी स्टेरॉइडच्या गोळ्यांचा कोर्स दिला गेला होता. स्टेरॉइडने कुत्र्याची गळती वाढते, आणि निरोगी कुत्र्यातही यूपीसी वर जाऊ शकतो. खाजेवर दुसरा उपाय केला, टेल्मिसार्टन तसंच ठेवलं, लघवीचं कल्चर करून घेतलं आणि महिन्याने पुन्हा तीन दिवसांचा नमुना. २.३. त्या दिवशी डोस वाढवला असता तर स्टेरॉइडचा परिणाम ओसरल्यावर कुत्रा गरजेपेक्षा जास्त औषधावर राहिला असता आणि त्याचं श्रेय वाढीव डोसला मिळालं असतं.

यूपीसी उतरणं हीदेखील दर वेळी चांगली बातमी नसते. समजा दुसऱ्या एका कुत्र्याचा आकडा वर्षभरात ६ वरून २.५ वर आला, पण क्रिएटिनिन १.६ वरून ४.२ झालं आणि वजन घटलं. तिथे भिंत दुरुस्त झालेली नाही. गुच्छच एकामागून एक बंद पडलेत, आणि गाळायला गुच्छ कमी उरले म्हणून गळतीही कमी दिसते. आणखी एक फसवा भाग स्नायूंचा. कुत्रा फार झिजला की क्रिएटिनिन कमीच तयार होतं. भागाकाराचा खालचा आकडा लहान होतो आणि गळती तेवढीच असून यूपीसी फुगतो. त्याच वेळी रक्तातलं क्रिएटिनिन प्रत्यक्षापेक्षा बरं दिसतं. म्हणून यूपीसीच्या वहीत शेजारीच वजन, अल्ब्युमिन, क्रिएटिनिन, पोटॅशियम आणि रक्तदाब यांचे रकाने असावेत, आणि तारखेसमोर चालू औषधं. एवढी वही असली की डॉक्टर बदलला तरी धागा तुटत नाही.

मोतीचं कारण सापडलं आणि ते औषधाने हटणारं होतं. सगळ्यांचं असं होत नाही. कारण सापडत नाही, पूर्ण डोसवरही यूपीसी उतरत नाही, अल्ब्युमिन २ च्या खाली जातं, पोटात किंवा पायांत पाणी साचतं, क्रिएटिनिन चढू लागतं. मग प्रश्न येतो प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांचा, बहुधा मायकोफेनोलेटचा. हा निर्णय अंदाजाने घेण्यासारखा नाही. अशा कुत्र्यांच्या किडनीचे तुकडे तपासले तेव्हा साधारण निम्म्यांतच आजार प्रतिपिंडांच्या गुठळ्यांचा निघाला. उरलेल्यांत भिंतीवर नुसते व्रण असतात, ॲमिलॉइड असतं किंवा जन्मजात दोष असतो. त्यांना ही औषधं देऊन फायदा नाही, संसर्गाचा धोका मात्र पूर्ण. खरं उत्तर बायॉप्सी देते, पण तुकडा साध्या सूक्ष्मदर्शकाबरोबर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली आणि प्रतिपिंडं चमकवणाऱ्या पद्धतीनेही पाहावा लागतो. कुत्र्यांसाठी हे तिन्ही करणाऱ्या प्रयोगशाळा जगातच मोजक्या आहेत आणि भारतात हे सहज होत नाही. रक्तदाब ताब्यात नसेल, रक्त गोठण्यात दोष असेल किंवा किडनी आकसून शेवटच्या टप्प्यात असेल तर बायॉप्सी करूही नये. क्लोपिडोग्रेल चालू असेल तर ते आधी काही दिवस थांबवावं लागतं.

बायॉप्सी शक्य नसलेला आणि वेगाने खालावणारा कुत्रा समोर असेल, संसर्ग तपासून बाजूला केले असतील, जात जन्मजात दोषाची नसेल, तर मालकाला सगळं समजावून मायकोफेनोलेट देऊन पाहणं मला योग्य वाटतं. मात्र निदान ८ आठवडे देऊन, यूपीसी आणि अल्ब्युमिन बघत, आणि फरक पडला नाही तर औषध बंद करण्याची तयारी ठेवून. पोट बिघडणं हा त्याचा नेहमीचा त्रास आहे आणि रक्तपेशी वरचेवर मोजाव्या लागतात. स्टेरॉइड एकट्याने देणं टाळावं, कारण गळतीच वाढली तर औषध चाललं की नाही हे कळायला मार्ग उरत नाही. आणि एर्लिकियासारखा संसर्ग नुकताच बरा झालेल्या कुत्र्यात घाई नको. गुच्छात अडकलेल्या गुठळ्या साफ व्हायला काही आठवडे ते महिने जातात. मोतीचा सहाव्या आठवड्यातला ३.९ पाहून कुणी त्याला मायकोफेनोलेट दिलं असतं, तर बाराव्या आठवड्यातल्या सुधारणेचं श्रेय चुकीच्या औषधाला गेलं असतं.

नवव्या महिन्यात मोतीचा यूपीसी १.३ होता, क्रिएटिनिन १.४, अल्ब्युमिन २.९. ०.५ चं ध्येय अजून लांब आहे आणि कदाचित कधीच गाठलं जाणार नाही, कारण भिंतीला झालेली इजा पूर्ण भरतेच असं नाही. टेल्मिसार्टन दीड गोळीवरच राहिलं. अल्ब्युमिन सुधारल्यामुळे क्लोपिडोग्रेल थांबवायचं का यावर विचार झाला आणि यूपीसी १ च्या वर असेपर्यंत ते चालू ठेवायचं ठरलं. गोचिडीचं औषध दर महिन्याला, वर्षभर, हिवाळ्यातही. तपासणी दर तीन महिन्यांनी.

काकूंच्या फ्रीजवर एक कागद चिकटवलेला आहे, आणि तो प्रत्येक अशा घरात असायला हवा. मोतीला उलटी-जुलाब झाले किंवा त्याने दिवसभर खाणं-पाणी सोडलं तर त्या दिवशी टेल्मिसार्टन द्यायचं नाही आणि डॉक्टरांना फोन करायचा. शरीरात पाणी कमी असताना हे औषध किडनीचा उरलासुरला दाबही काढून घेतं आणि दोन दिवसांत क्रिएटिनिन दुप्पट होऊ शकतं. पाय दुखतोय म्हणून घरातली डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन किंवा कॉम्बिफ्लॅम द्यायची नाही, अर्धीही नाही. लंगडत असेल तर दवाखान्यात न्यायचं आणि मोती कोणत्या गोळ्यांवर आहे ते आत शिरल्याबरोबर सांगायचं. अचानक धाप लागली तर सकाळची वाट पाहायची नाही.